प्रसंग आपला, शब्द त्यांचे

सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर आची त्रेज्झा नावाचं मच्छीमारांचं छोटं गाव आहे. 1947 च्या अखेरीस मिलानच्या सरदार घराण्यातले दिग्दर्शक लुकिनो विस्कोन्ती तिथं सिनेमा करायला आले. सोबत जोव्हान्नी वेर्गांची 1881 सालची एक कादंबरी होती आणि फ्रान्चेस्को रोझी व फ्रान्को झेफिरेली असे दोन तरुण सहायक होते. ठरलेला नट मात्र एकही नव्हता. मूळ बेत माहितीपटाचा होता. पुढं कादंबरीतलं कुटुंब त्यात शिरलं आणि त्या कुटुंबातली माणसं झाले गावातलेच लोक. 1948 साली आलेला हा 'ला तेर्रा त्रेमा' म्हणजे खऱ्या गावात, खऱ्या माणसांकडून घडवलेली कल्पित गोष्ट. अशा सिनेमाला आज डॉक्यु-फिक्शन म्हणतात.

विस्कोन्ती संवाद लिहून आणत नसत. भाऊ झालेल्या दोघांना ते जवळ बसवत आणि परिस्थिती सांगत. होडी गेलीय, घरात खायला नाही, धाकट्याला गाव सोडायचंय, थोरल्याला तो जायला नकोय. मग धाकट्याला विचारत, तुला जावंसं का वाटतं ते याला सांग. थोरल्याला विचारत, यावर तू काय म्हणशील? दोघं आपल्या सिसिलियन बोलीत जे बोलत, त्यातून संवाद तयार होई. ही बोली इतर इटालियनांना इतकी परकी होती की शेवटी इटालियनमधलं निवेदन जोडावं लागलं.

इथवर ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की कॅमेरा लावायचा, लोकांना हवं ते बोलू द्यायचं आणि सिनेमा आपोआप होतो. तसं काही नाही. विस्कोन्तींचं इम्प्रोव्हायझेशन तयारीपुरतं होतं. शब्द एकदा मिळाले की ते पक्के व्हायचे, आणि मग तेच शब्द, त्याच जागी उभं राहून, तासन् तास घोटून घेतले जायचे. अवजड कॅमेरा, जागेवरच नोंदवला जाणारा आवाज आणि काटेकोर चौकट यांत ऐनवेळच्या लहरीला जागा नव्हती. त्याची किंमतही दिसते. काही दृश्यांत ते मच्छीमार फोटोसाठी उभे राहिल्यासारखे ताठ वाटतात. मला ते दृश्य म्हणून आवडतं, पण माणूस म्हणून तिथं ते थोडे हरवतात. आपल्याकडे चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ची जात याच्या जवळची आहे. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. माणूस जगण्यातून आणलेला, पण कॅमेरा स्थिर, चौकट ठरलेली आणि टेकवर टेक.

दुसरी वाट फ्रान्सच्या लॉराँ कांते यांनी 'द क्लास'मध्ये घेतली. 2008 साली या सिनेमाला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पॅरिसमधल्या एका शाळेतल्या मुलांबरोबर त्यांनी वर्षभर दर बुधवारी दुपारी कार्यशाळा घेतली. शिक्षकाचं काम फ्रांस्वा बेगोदो यांनी केलं. ते स्वतः शिक्षक होते आणि सिनेमा त्यांच्याच पुस्तकावर आधारलेला होता. मुलांच्या हातात पटकथा कधी दिलीच नाही. शिक्षकाला मात्र प्रसंग कुठं पोचायला हवा ते ठाऊक असे. एखाद्या मुलाला हळूच काहीतरी सांगून ठेवलेलं असे, बाकीच्यांना त्याचा पत्ता नसे. वर्गात तीन कॅमेरे होते. एक शिक्षकावर, दुसरा त्या प्रसंगातल्या मुख्य मुलावर आणि तिसरा कुठं काय अवचित घडेल त्यासाठी मोकळा. त्यामुळं कुणी मध्येच हसलं, कुणी टोमणा मारला, तर तो पुन्हा करून घ्यायची गरज पडली नाही. मुलं स्वतःचीच भूमिका करत होती असंही नाही. त्यातला भांडकुदळ सुलेमान झालेला मुलगा मुळात अगदी शांत स्वभावाचा. तो राग त्याला वर्षभरात थोडा थोडा जमवावा लागला.

कांतेंच्या पद्धतीतली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे प्रसंगाला आतूनच वळण देणारा माणूस. दिग्दर्शकानं कॅमेऱ्यामागून 'जरा चिडून बोला' म्हटलं की समोरचा चिडल्याचं सोंग आणतो. तेच, समोर बसलेल्यानं खरंच चिडवलं तर सोंगाची गरजच उरत नाही.

आता हे आपल्या किनाऱ्यावर आणून पाहू. दापोली तालुक्यातल्या हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. समजा, तिथल्या एका मासळी विकणाऱ्या बाईवर आपण सिनेमा करतो आहोत. प्रसंग असा की धाकटा भाऊ होडीच्या इंजिनासाठी तिच्याकडे पैसे मागायला येतो. तिच्याकडे पैसे आहेत, पण ते मुलीच्या फीसाठी ठेवलेत. घटना आपण रचलेली, माणसं तिथलीच.

पहिलं काम निवडीचं. हौसेनं पुढं येणारे बहुतेक वेळा चालत नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात एखादी मालिका असते. बाईला 'ऑडिशन' म्हणून बोलावण्यापेक्षा तिच्या मासळीशेजारी बसावं आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना तिला पाहावं. फोनचा कॅमेरा थोडा वेळ समोर धरावा. त्याकडं दुर्लक्ष करून ती हिशेब चालू ठेवते का, एवढंच बघायचं. भावाच्या भूमिकेसाठी तिचा सख्खा भाऊ घ्यायचा मोह होतो. तो मी टाळेन. सख्ख्या भावंडांत पैशाची जुनी दुखणी असतात, आणि शूटिंग संपल्यावर ती दोघांच्या घरी राहतात. शेजारचा, ती ज्याला लहानपणापासून 'अरे-तुरे' करते असा कुणी बरा. तोंडातली सलगी खरी असते, भांडण मात्र बनवलेलं.

तालमीच्या आधी बरेच दिवस नुसत्या गप्पा हव्यात. पैसे उसने मागायला कोण कसं येतं, आधी काय बोलतं, मुद्द्यावर कधी येतं. बाई सांगेल, 'पैसे मागायला आलेला माणूस आधी चहाला नाही म्हणतो.' असं एक वाक्य मिळालं की अर्धा प्रसंग लिहून झाला. आपण कागदावर 'दादा, मला मदत कर' छाप संवाद लिहिला असता, आणि तिनं तो पाठ करून शाळेतल्या भाषणासारखा म्हटला असता. कागद हातात दिला की पाठांतर सुरू होतं आणि ऐकणं बंद पडतं. म्हणून कागद आपल्याजवळच ठेवायचा आणि त्यावर संवादांऐवजी टप्पे लिहायचे. तो येतो, इकडचं तिकडचं बोलतो, पैसे मागतो, ती टाळते, त्याला फीचं कळतं, तो उठतो. सहा टप्पे पुरे.

तालीम या प्रसंगाची करायचीच नाही. शेजारच्या प्रसंगांची करायची. गेल्या वर्षी त्यानं घेतलेले पैसे परत द्यायला उशीर केला, त्या दिवशी काय झालं असेल ते दोघांकडून करून घ्यायचं. हे सिनेमात येणार नाही, पण दोघांच्या गाठीशी एक आठवण येते. मग शूटिंगच्या दिवशी ती आपणहून म्हणते, 'गेल्या वेळचं विसरलास का?' असं वाक्य लिहून सुचत नाही.

त्या दिवशी दोघांना वेगवेगळं सांगायचं. भावाला सांगायचं, 'पैसे घेतल्याशिवाय उठू नकोस, आणि इंजिनाचं नाव लगेच काढू नकोस.' बाईला सांगायचं, 'फीचं त्याला कळू देऊ नका.' फीची गोष्ट फोडायला तिसरा माणूस लागतो. घरात येऊन 'पावती भरली का?' विचारणारी शेजारीण हा आपला आतला सूत्रधार. ती कधी शिरणार हे त्या दोघांना माहीत नसतं. एक मर्यादा मात्र पक्की हवी. भूमिकेतल्या गोष्टी लपवाव्यात, माणसाच्या खऱ्या आयुष्यातली जखम न विचारता उकरू नये. तिच्या मुलीचं शिक्षण खरोखरच पैशावाचून थांबलं असेल, तर फीऐवजी दुसरं कारण शोधावं.

बाईच्या हातात काम हवं, आणि ते खोटं नको. खरी कोळंबी, खरोखर सोलायची. हात गुंतले की 'मी आता काय करू' हा नवख्याचा सगळ्यात मोठा प्रश्न सुटतो, आणि गप्प बसण्यालाही कारण मिळतं. क्लॅप सुरुवातीला न देता शेवटी द्यावा, 'ॲक्शन' ओरडू नये. कॅमेरे दोन असावेत, कारण कोणत्या शब्दावर कोणती कोळंबी उचलली होती हे तिला दुसऱ्या वेळी आठवणार नाही आणि एका कॅमेऱ्याचे तुकडे जुळणार नाहीत. दुसरा कॅमेरा नसेल तर पहिला टेक तिच्या चेहऱ्यावर जवळून घ्यावा आणि लांबचा शॉट नंतर. ताजेपणा पहिल्या एकदोन टेकमध्ये असतो, आणि लांबून तो गेलेला फारसा दिसत नाही.

बिघडतंय हे ओळखायच्या खुणा आहेत. वाक्य संपल्यावर नजर दिग्दर्शकाकडं जाते. दोघं एकमेकांचं पूर्ण बोलून होईपर्यंत सभ्यपणे थांबतात. भांडणात असं कोण थांबतं? हातांचा वेग मंदावतो. घरातली बोली जाऊन पुस्तकी मराठी येते. अशा वेळी 'नैसर्गिक बोला' म्हणणं निरुपयोगी. टेक न थांबवता शेजारणीला आत पाठवावं, किंवा पुढच्या टेकला भावाला हळूच नवं काही द्यावं, उदाहरणार्थ, 'या वेळी चहा घे.' तेवढ्यानं बाई पुन्हा ऐकायला लागते. तीन-चार टेकनंतरही हलत नसेल तर तो टप्पाच खोटा आहे. आपण समजतो तसं तिच्या घरात घडत नाही, हे तिला विचारून बदलावं.

बोस्नियाचे दानिस तानोविच यांनी 2013 साली एका रोमा कुटुंबाला त्यांचीच हकीकत पुन्हा जगायला लावली. विमा नाही म्हणून बाईला दवाखान्यानं नाकारलं, ती गोष्ट. तिच्या नवऱ्याला, भंगार गोळा करणाऱ्या नाझिफ मुयिच यांना, बर्लिन महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचं रौप्य अस्वल मिळालं. पुढं गरिबीपायी त्यांनी ते विकलं, आणि 2018 साली ते वारले. दोष कुणाचा हे ठरवणं सोपं नाही. पण पुरस्कारानं पोट भरत नाही हे पहिल्या बैठकीतच स्पष्ट बोलायला हवं. रोज किती मिळणार, किती दिवस आणि नंतर काहीच नाही, हे तिन्ही सांगावं. रोजचा आकडा तिच्या मासळीच्या दिवसाच्या कमाईखाली नसावा, नाहीतर ऐन प्रसंगात तिचं लक्ष किनाऱ्यावरच्या लिलावाकडं राहील.

म्हणून हर्णैचं वेळापत्रकही मासळीच्या हिशेबानं लागतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि लोकांना सवड असते. गप्पा आणि तालमी तेव्हा कराव्यात. पावसाचा मारा पत्र्यावर होत असताना आवाज मात्र घेता येत नाही, आणि तेव्हा लिलावही नसतो. शूटिंग पाऊस उतरल्यावर, हंगाम सुरू असताना. घरातला प्रसंग दुपारी घ्यावा आणि बाईला लिलावाच्या आधी मोकळं करावं.