न हसता सांगणे

‘आमच्या काकांचा बैल मार्चअखेर सेवानिवृत्त झाला. पेन्शनचे कागद अजून तालुक्याला अडकलेत.’

हेच असं सांगून बघा: ‘अहो, गंमत ऐका! काकांचा बैल चक्क सेवानिवृत्त झाला!! पेन्शनसुद्धा मिळणार म्हणे!’ मजकूर तोच, पण हसू निम्मं उडालं. ‘गंमत ऐका’ म्हटलं की ऐकणारा सावध होऊन बसतो. विसंगती आपणहून सापडण्याचा आनंद आपण त्याच्या हातून काढून घेतलेला असतो. मार्क ट्वेनने १८९५ च्या एका लेखात विनोदी गोष्ट सांगण्याची हीच रीत सांगितली आहे: यात काही हसण्यासारखं आहे याचा सांगणाऱ्याला पत्ताच नाही, असं वाटलं पाहिजे.

पण नुसता चेहरा गंभीर ठेवून भागत नाही. पहिल्या रूपातलं दुसरं वाक्य पुन्हा वाचा. बैल निवृत्त झाला याचं सांगणाऱ्याला काहीच वाटत नाही, त्याची तक्रार कागदांची आहे. त्याचं लक्ष भलतीकडेच आहे, आणि खरी गंमत तिथे आहे. चिं. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवत. त्यांचा चिमणराव आपली फजिती स्वतःच सांगतो, पण आपण विनोद करतोय असं त्याला कुठेच वाटत नाही.

बोलताना बहुतेक जण ‘बैल’ या शब्दावर जोर देतात आणि ‘सेवानिवृत्त’च्या आधीच ओठ हलतात. तिथेच सगळं फुटतं. जोर द्यायचाच तर ‘कागद’वर द्यावा. वाक्य संपल्यावर हशाची वाट बघत समोर पाहू नये, पुढच्या वाक्याला लागावं. कोणी हसलं नाही तरी मग खोळंबा होत नाही.

लिहिताना चेहरा नसतो, त्याचं काम शब्द करतात. इथे ‘सेवानिवृत्त’ हा सरकारी शब्दच तोंड वाकडं न करता उभा आहे. ‘चक्क’, ‘म्हणे’, उद्गारचिन्हं म्हणजे लेखकाचं आधीच फुटलेलं हसू. पण कोरडेपणाला एक अडचण आहे. ‘काकांनी बैलाचा विमा उतरवला’ हे कितीही गंभीरपणे लिहा, कोणी हसणार नाही, कारण बैलांचा विमा खरोखर निघतो. चेहरा दिसत नसताना गोष्ट अशक्यच हवी, नाहीतर वाचक ती बातमी समजतो.

आणि अशक्य गोष्ट एकच असावी. बैल निवृत्त झाला, मग उडाला, मग इंग्रजी बोलला, असं केलं की लेखक हसताना दिसू लागतो. ऑफिसच्या रीतीने मात्र हवं तितकं लांबवा: निरोप समारंभ झाला, शाल दिली, आता त्याच्या जागेवर हंगामी बैल आहे.