ऑपरेशनच्या रजेला दोन तारखा

पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं की ऑफिसात साहेबांना कळवावंच लागतं. बहुतेक जण दोन ओळी लिहितात: अमुक तारखेला ऑपरेशन आहे, पंधरा दिवसांची रजा द्यावी. रजा मिळतेही. अडचण पुढे येते, कारण हे पंधरा दिवस डॉक्टरांनी अंदाजानं सांगितलेले असतात आणि ऑफिसातले लोक ते वचन समजून बसतात.

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तर टेबलावरचं काम करणारा माणूस साधारण दोन आठवड्यांत कामावर येतो. पण सूज फार असली, आतडी चिकटलेली असली किंवा रक्तस्राव झाला, तर सर्जनला पोट उघडून ऑपरेशन करावं लागतं. असं थोड्याच रुग्णांच्या बाबतीत होतं, मात्र ते आधी खात्रीनं सांगता येत नाही. तसं झालं तर पूर्ववत व्हायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. म्हणून कळवताना दोन तारखा लिहाव्यात, एक अपेक्षित आणि एक लांबली तर. कामाची सोय मात्र दुसऱ्या तारखेपर्यंतची करून ठेवावी.

एका छोट्या भागीदारी फर्मच्या अकाउंटंटचं उदाहरण घेऊ. तिच्या महिन्याच्या तारखा ठरलेल्या असतात. 1 तारखेला पगार, 7 ला टीडीएस भरणं, 11 ला जीएसटीआर-1, 15 ला पीएफ, 20 ला जीएसटीआर-3बी. ऑपरेशन तातडीचं नाही आणि डॉक्टरांची हरकत नाही, तर 22 तारीख घेणं सोयीचं, कारण 20 चं रिटर्न हातावेगळं झालेलं असतं. दोन आठवड्यांत ती परतली तर तिच्या मागे फक्त पगाराचं काम येतं. मुक्काम लांबला तर पुढच्या महिन्याच्या सगळ्याच तारखा रजेत सापडतात.

तारीख पक्की झाली की तिनं आधी साहेबांशी प्रत्यक्ष बोलावं आणि त्याच दिवशी लेखी कळवावं. मजकूर असा असू शकतो:

“सर, सकाळी बोलल्याप्रमाणे 22 सप्टेंबरला माझं ऑपरेशन आहे. 22 सप्टेंबर ते 5 ऑक्टोबर रजा हवी आहे. सगळं नीट झालं तर 6 ऑक्टोबरला हजर होईन. ऑपरेशन मोठं करावं लागलं तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रजा लांबू शकते. नक्की काय ते 24 तारखेला माझे यजमान तुम्हाला फोन करून सांगतील. पगार ज्युनिअर अकाउंटंट करतील, पगारपत्रक मी 21 ला तयार करून देते. रजा लांबली तर टीडीएस, पीएफ आणि जीएसटीची कामं त्या आपल्या सीएंच्या मदतीनं करतील. जुन्या येणीबाकीचा ताळमेळ मी आल्यावर करीन, तो थांबला तरी चालेल. पहिले तीन दिवस मला फोन करू नये. डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे.”

यात आजाराचं नाव नाही. रजेसाठी सर्टिफिकेट लागतं, पण ऑफिसच्या ग्रुपवर रिपोर्ट टाकायची गरज नसते. कोणतं काम थांबलं तरी चालेल, हेही स्पष्ट लिहिलं आहे. नाहीतर बदली माणूस सगळंच ओढत बसतो आणि नेमकी मुदतीची कामं मागे राहतात.

तीन दिवस फोन नको, यालाही कारण आहे. भूल दिल्यानंतर निदान 24 तास महत्त्वाच्या सह्या आणि पैशांचे व्यवहार करू नयेत, असं डॉक्टर सांगतात. दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या वायूमुळे एकदोन दिवस खांदाही दुखतो. आणि नेमका तेव्हाच फोन येतो, “मॅडम, ओटीपी आलाय का?” छोट्या फर्ममध्ये जीएसटी पोर्टलवर बऱ्याचदा अकाउंटंटचाच मोबाइल नंबर दिलेला असतो. बँकेतही पगाराची नोंद करायचे अधिकार तिच्याच नावावर असतात, भागीदार फक्त मंजुरी देतो. नोंद करणाराच नसेल तर मंजुरी कशाला द्यायची? पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देणं हा यावरचा उपाय नव्हे. पोर्टलवर भागीदाराचा नंबर घालावा आणि ज्युनिअरच्या नावानं नोंदीचे स्वतंत्र अधिकार घ्यावेत. बँकेच्या फॉर्मवर भागीदारांच्या सह्या लागतात आणि अधिकार सुरू व्हायला काही दिवस जातात, म्हणून हे काम तारीख ठरल्याच्या आठवड्यातच सुरू करावं.

सोय खरोखर झाली आहे का, हे ऑपरेशनच्या आधीच कळू शकतं. 1 सप्टेंबरचा पगार ज्युनिअरनं स्वतःच्या लॉगिननं करावा आणि 20 सप्टेंबरचं रिटर्नही स्वतःच भरावं, अकाउंटंटनं शेजारी नुसतं बसावं. ज्या टप्प्यावर तिचा हात किंवा मोबाइल लागेल, तेवढंच काम सोपवायचं राहिलं आहे असं समजावं, आणि 22 च्या आत ते पुरं करावं.