लीड आणि लॅग कॉम्पेन्सेटर

लीड कॉम्पेन्सेटर आणि लॅग कॉम्पेन्सेटर हे नियंत्रण प्रणालीच्या बंद वेढ्यात जोडले जाणारे दोन नियंत्रक आहेत. दोहोंत एक झिरो आणि एक पोल असतो. लीडमध्ये झिरो, तर लॅगमध्ये पोल उगमबिंदूच्या अधिक जवळ असतो. अपुरे फेज मार्जिन दोन्ही वाढवू शकतात, परंतु त्यांचे मार्ग परस्परविरुद्ध आहेत.

== उदाहरण ==
डीसी मोटरच्या कोननियंत्रणाचे सरलीकृत प्रतिरूप घेऊ:

```
G(s) = 10 / (s(s+1))
```

सेकंदाला 1 रेडियन वेगाने सरकणाऱ्या संदर्भामागे ही प्रणाली स्थायी अवस्थेत 0.1 रेडियन मागे राहते. ही अचूकता पुरेशी मानली, तरी क्रॉसओव्हर वारंवारता 3.1 रेडियन/सेकंद असताना फेज मार्जिन केवळ 18° भरते. त्यामुळे प्रतिसाद बराच वेळ हेलकावत राहतो. नुसता गेन 0.85 पर्यंत उतरवल्यास मार्जिन 55° च्या आसपास येते, पण मागे राहण्याची त्रुटी जवळजवळ बारापट होते.

```
लीड: (1 + s/2.2) / (1 + s/8.8)
लॅग: (1 + s/0.07) / (1 + s/0.006)
```

लीड कॉम्पेन्सेटर क्रॉसओव्हरजवळ सुमारे 37° फेज प्रत्यक्ष वाढवतो. त्याच वेळी गेन वाढल्याने क्रॉसओव्हर 4.4 पर्यंत सरकतो. तेथे मूळ प्रणालीचे मार्जिन 13° च असल्याने एकूण सुमारे 50° मिळतात.

लॅग कॉम्पेन्सेटर फेज वाढवत नाही, उलट सुमारे 5° घटवतो. त्याचा उपयोग गेन उतरवण्यासाठी होतो. क्रॉसओव्हर 0.7 पर्यंत खाली येतो. तेथे मूळ प्रणालीचे मार्जिन 55° असते, म्हणून येथेही सुमारे 50° उरतात. शून्य वारंवारतेला दोन्ही कॉम्पेन्सेटरांचा गेन 1 असल्याने त्रुटी दोन्ही रचनांत 0.1 रेडियनच राहते.

== बँडविड्थची किंमत ==
मार्जिन आणि अचूकता सारखी असूनही दोन क्रॉसओव्हरांत सहापटींहून अधिक अंतर आहे. बँडविड्थही साधारण त्याच प्रमाणात बदलते, म्हणून लीडची प्रणाली बरीच चपळ ठरते. मात्र उच्च वारंवारतेला तिचा नियंत्रक चौपट गेन देतो. संवेदकातील नॉइज तितक्याच पटीने मोटरच्या चालकापर्यंत पोहोचतो आणि मोठ्या आज्ञेवर चालक संपृक्त होऊ शकतो.

लॅगचा दोष वेगळा आहे. 0.07 वरील झिरोजवळच बंद वेढ्याचा एक मंद पोल येतो. त्याचा कालस्थिरांक सुमारे 13 सेकंद असतो. पायरी प्रतिसाद लक्ष्य ओलांडल्यावर लगेच स्थिरावत नाही. सुमारे 9 टक्क्यांची शेपटी सावकाश ओसरत जाते. आलेखात ती दिसल्यास मार्जिन तपासत बसण्याऐवजी या पोल-झिरो जोडीकडे पाहणे योग्य.

निवडीचा खरा कस वेढ्यात विलंब असताना लागतो. 0.1 सेकंदाचा विलंब 4.4 रेडियन/सेकंदला 25° फेज खातो, तर 0.7 ला केवळ 4°. त्यामुळे लीडचे मार्जिन निम्म्यावर येते आणि लॅगचे 46° टिकते.