ड्राय शॅम्पूने केस खरंच स्वच्छ होतात का? वारंवार वापरल्यास डोक्याच्या त्वचेचं काय होतं?

उन्हाळ्यात साताऱ्यातल्या माण-खटावमध्ये किंवा सांगलीतल्या जत-आटपाडीकडे पाण्याचे टँकर सुरू झाले, की लांब केस धुणं हे मोठंच काम होऊन बसतं. अशा वेळी पाण्याशिवाय दोन मिनिटांत केस मोकळे करून देणारा ड्राय शॅम्पू सोयीचा वाटतो. पण त्याच्या नावात शॅम्पू असला, तरी त्याचं काम शॅम्पूचं नाही.

तो नेमकं काय करतो?

आपल्या डोक्याच्या त्वचेतल्या ग्रंथी सतत तेलकट स्राव सोडत असतात. त्याला सीबम म्हणतात. हे तेल केसांच्या मुळांशी पसरलं की केस एकमेकांना चिकटतात आणि चप्प दिसतात. साधा शॅम्पू हे तेल सुटं करतो आणि पाणी ते वाहून नेतं.

ड्राय शॅम्पूमध्ये मुख्य घटक असतो स्टार्च. तो तांदूळ, मका किंवा टॅपिओकापासून काढलेला असतो. काही उत्पादनांत सिलिकाही असते. स्प्रेच्या डब्यात ही पूड बहुतेकदा अल्कोहोलमध्ये मिसळलेली असते आणि ब्युटेन, प्रोपेनसारखा वायू तिला बाहेर ढकलतो. अल्कोहोल उडून जातं आणि पूड केसांवर राहते. तिचे कण केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असतात, त्यामुळे ते मुळांपर्यंत पोहोचून तेल शोषतात. केस सुटे होतात आणि फुगीर दिसतात.

हे घरीच पाहता येतं. स्टीलच्या ताटलीत खोबरेल तेलाचे दोन थेंब पसरा आणि वर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टाका. चकाकी जाईल. पण बोट फिरवलंत तर तेल आणि पीठ मिळून लगदा झालेला दिसेल. तेल गेलेलं नसतं, पिठात अडकलेलं असतं. डोक्यावरही हेच घडतं. विंचरल्यावर त्यातलं थोडं निघतं, पण घाम, मृत त्वचा आणि उरलेली पूड तिथेच राहते. म्हणूनच भरपूर तेल लावलेल्या केसांवर ड्राय शॅम्पू मारला तर केस मोकळे होण्याऐवजी गिचगिचीत होतात.

मग नुकसान कधी होतं?

समजा, विट्याहून रोज एसटीने सांगलीला कॉलेजला जाणारी एक मुलगी रविवारी केस धुते. बुधवारी केस तेलकट दिसतात, म्हणून ती ड्राय शॅम्पू मारते. इथपर्यंत काही बिघडत नाही. गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी ती कालच्या थरावरच नवा थर देते. आता मुळांशी तेल, घाम आणि पूड यांचा चिकट थर साचतो. त्वचेवर मुळातच राहणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी याच तेलावर जगते. तिच्यामुळे तेलापासून तयार होणारे काही पदार्थ त्वचेला चुरचुरतात. ज्यांना कोंड्याचा त्रास आहे, त्यांची खाज अशा वेळी वाढू शकते. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटणकडच्या दमट हवेत केस लवकर वाळत नाहीत. ओलसर मुळांवर पूड मारली, तर तिच्या गुठळ्या होतात.

म्हणून दोन धुण्यांच्या मध्ये एकदा, फार तर दोनदा वापरा आणि त्यानंतर पाणी व शॅम्पूने केस धुवाच. वरच्या उदाहरणातल्या मुलीने बुधवारी ड्राय शॅम्पू वापरला, तर शुक्रवारी केस धुतलेले बरे. स्प्रे सुमारे एक वीत लांब धरून फक्त मुळांशी मारा, दोन मिनिटं थांबा, बोटांनी चोळा आणि नीट विंचरून पूड काढा.

पांढरे कण दिसले की तो कोंडाच आहे असं समजू नका. उरलेली पूड विंचरल्यावर झडते आणि धुतल्यावर जाते. धुऊनही खवले परत येत असतील, खाज, लाली, पुटकुळ्या किंवा केस ओढल्यासारखं दुखणं असेल, तर ड्राय शॅम्पू थांबवा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. केसांचं मूळ त्वचेच्या आत असल्याने वर बसलेली पूड थेट टक्कल पाडत नाही. पण मुळांभोवतीची त्वचा सुजली, तर केस जास्त गळू शकतात.

बेंझिनचं काय?

ऑक्टोबर २०२२ मध्ये युनिलिव्हरने अमेरिकेत आपले काही ड्राय शॅम्पू स्प्रे बाजारातून परत मागवले. त्यांत बेंझिन असण्याची शक्यता होती. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. ते स्टार्चमधून आलेलं नव्हतं. कंपनीच्या तपासात स्रोत सापडला तो डब्यातल्या वायूत. त्यामुळे शंका वाटत असेल, तर बिनवायूची, डबीतून शिंपडायची पूड घ्या. स्प्रेच वापरणार असाल, तर खिडकी उघडी ठेवा आणि गॅसच्या शेगडीजवळ मारू नका. तो वायू पेट घेतो. उन्हात उभ्या गाडीत डबा ठेवणंही टाळा, कारण तापल्यावर तो फुटू शकतो.