मुळे वर्तुळावर शोधा

हावड्यात शिबपूरच्या आयआयईएसटीत पहिल्या वर्षाला गेलेल्यांनी स्लाइड क्षणभर बाजूला ठेवून आलेखकागद घ्यावा. त्यावर −२+२i म्हणजे डावीकडे दोन, वर दोन घरांवरचा बिंदू. आरंभबिंदूपासून त्याचे अंतर २√२. उजव्या अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजलेला कोन १३५°. हेच ध्रुवीय रूप.

संमिश्र संख्यांच्या गुणाकारात अंतरे गुणली जातात, कोन मिळवले जातात. म्हणून −२+२i चे घनमूळ काढताना अंतराचे घनमूळ घ्यायचे, ते √२. आणि कोनाचा तिसरा हिस्सा, ४५°. हा बिंदू १+i. पण पूर्ण फेरी मारली तरी बिंदू तोच राहतो: १३५°, ४९५°, ८५५°. त्यांचे तिसरे हिस्से ४५°, १६५°, २८५°. मुळे तीन का, याचे उत्तर या फेऱ्यांत आहे. तिन्ही √२ त्रिज्येच्या वर्तुळावर १२०° अंतराने बसतात.

चूक बहुधा कोनातच होते. कॅल्क्युलेटर tan⁻¹(−१) साठी −४५° दाखवतो, कारण २−२i चे गुणोत्तरही −१ च आहे. बिंदू दुसऱ्या चरणात असल्याने त्यात १८०° मिळवावे लागतात. नाहीतर तिन्ही मुळे २−२i ची निघतात. पडताळा सोपा आहे: (१+i)² = २i, त्याला पुन्हा १+i ने गुणा, −२+२i मिळायला हवे.