आजाराचे नाव न घेता रजेचा मेल कसा लिहावा?

तळोजा औद्योगिक वसाहतीत पूर्वी आजारपणाची रजा म्हणजे कोऱ्या कागदावरचा अर्ज असे. शेजारी राहणाऱ्या कामगाराच्या हाती तो टाइम ऑफिसात पोचवला की काम होई. आता बहुतेक कचेऱ्यांत आणि कित्येक कारखान्यांतही साहेबांना मेल करावा लागतो, तोही सकाळी पाळी सुरू होण्याआधी, मोबाइलवरून. अर्ज बदलला, पण लिहिणाऱ्याची जुनी अडचण तशीच राहिली. आजार असा असतो की तो चारचौघांत सांगवत नाही. पाळीच्या वेळचा अतिरक्तस्राव, मूळव्याध, गर्भपात, मनाचा आजार, क्षयाची शंका, असे काहीही असू शकते. मग माणूस सोपी वाट धरतो आणि लिहितो, 'ताप आला आहे.' ही वाट पुढे किती अवघड होते आणि खोटे न बोलताही आजार आपल्याजवळ कसा ठेवता येतो, एवढेच आम्हांला आज सांगायचे आहे.

उदाहरणासाठी एक भगिनी डोळ्यांसमोर आणू. ती तळोज्याच्या एका कारखान्यात माल पाठवणी विभागात कारकून आहे. रोज 600 रुपये मजुरी पडते आणि पगारातून ई.एस.आय.ची वर्गणी कापली जाते. तिला अतिरक्तस्रावाचा त्रास आहे आणि डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस पूर्ण विश्रांती सांगितली आहे. साहेब पुरुष आहेत, विभागात बाकीचेही सारे पुरुषच. घरात भाऊ म्हणतो, "ताई, लिहून टाक की बाहेरचे खाल्ले आणि जुलाब झाले."

भावाचे ऐकले तर काय होईल? पहिल्याच दिवशी कोणी सहकारी फोन करील, काय खाल्ले, कुठे खाल्ले, सलाइन लावली का. प्रत्येक उत्तराला नवे खोटे जोडावे लागेल आणि कोणाला काय सांगितले हे लक्षात ठेवावे लागेल. दुसरी अडचण दाखल्याची. रजेसाठी द्यायच्या वैद्यकीय दाखल्याच्या नेहमीच्या नमुन्यात 'अमुक आजाराने आजारी आहे' अशी जागा असते आणि डॉक्टर तेथे खरा आजारच लिहिणार. मेलमध्ये जुलाब आणि दाखल्यात दुसरेच दिसले की प्रश्न आजाराचा राहत नाही, विश्वासाचा होतो. "मग डॉक्टरीणबाईंनाच जुलाब लिहायला सांगू," असे कोणी म्हणेल. तसे सांगू नये. खोटा दाखला देणाऱ्या डॉक्टरचे नाव वैद्यक परिषदेच्या नोंदवहीतून काढले जाऊ शकते, असा 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांत स्पष्ट उल्लेख आहे. तिसरी अडचण पुढची. हाच त्रास दोन महिन्यांनी पुन्हा झाला तर तेव्हा कोणता आजार सांगणार?

खरे पाहता साहेबांना आजाराचे नाव कामाचे नसते. त्यांना चार गोष्टी हव्या असतात: कोण येणार नाही, किती दिवस, तिचे काम कोण पाहणार आणि ती पुन्हा कधी येणार. या चार गोष्टी नीट लिहिल्या की पाचवी विचारण्याचे कारण बहुधा उरत नाही. मेल मोघम असला, 'तब्येत बरी नाही, येऊ शकत नाही' एवढाच असला, की साहेब फोन उचलतात. म्हणून आजाराबद्दल थोडके आणि कामाबद्दल पुरते लिहावे. आमच्या भगिनीचा मेल असा होईल:

विषय : मंगळवार दि. 14 व बुधवार दि. 15, आजारपणाची रजा

मा. साहेब,
माझी प्रकृती ठीक नसून डॉक्टरांनी दोन दिवस विश्रांती सांगितली आहे. त्यामुळे मंगळवार दि. 14 व बुधवार दि. 15 हे दोन दिवस मी कामावर येऊ शकत नाही. कृपया माझ्या शिल्लक रजेतून रजा मंजूर करावी.
आज दुपारी पुण्याची गाडी भरायची आहे. तिची चलने तयार असून माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहेत. स्टोअरमधील सहकाऱ्यांना मी तसे कळवले आहे. बुधवारी कोणतीही गाडी नाही.
गुरुवारी दि. 16 रोजी सकाळच्या पाळीस हजर होईन. त्यात बदल झाला तर बुधवारी संध्याकाळी 5 पर्यंत कळवीन. डॉक्टरांचा दाखला रुजू होताना टाइम ऑफिसात देईन.
आपली,
(नाव व टोकन क्रमांक)

या मेलमधला प्रत्येक शब्द खरा आहे, तरी आजाराचा पत्ता लागत नाही. 'प्रकृती ठीक नाही' हे रक्तस्रावालाही लागू पडते आणि मनाच्या आजारालाही. उपचाराची किंवा तपासणीची तारीख आधीच ठरलेली असेल तर मात्र 'आज अचानक बरे वाटत नाही' असे लिहू नये. तेथे 'वैद्यकीय उपचारासाठी' हे शब्द खरे, आणि मेलही दोन दिवस आधी जावा. मूल आजारी असेल तर 'घरातील आजारपणामुळे' असे लिहावे, स्वतःला आजारी म्हणू नये. गावी लग्नाला जायचे असेल तर ही रजा मागूच नये, त्यासाठी किरकोळ रजा आहे. नाव न सांगणे वेगळे आणि नसलेले सांगणे वेगळे, ही रेघ येथे सांभाळायची आहे.

मेल कोणाला जातो हेही पाहावे. तो साहेबांना आणि रजेची नोंद ठेवणाऱ्याला, अशा दोघांनाच पाठवावा. सगळ्या विभागाला जाणाऱ्या पत्त्यावर किंवा मोबाइलवरच्या गटात टाकला की चौकशा सुरू होतात. ठेकेदाराकडचे कामगार असाल तर ठेकेदाराच्या सुपरवायझरलाही कळवावे, नाहीतर कंपनीत रजा कळते आणि ठेकेदाराच्या हजेरीत गैरहजेरी लागते. दाखल्याचा फोटो मेलला जोडू नये, कारण मेल पुढे कोणाकडेही जाऊ शकतो. दाखला पाकिटात बंद करून ज्याच्याकडे फाइल असते त्याच्या हाती द्यावा. पाठवलेला मेल पुसून टाकू नये. वेळेवर कळवल्याचा तोच पुरावा असतो.

एवढे करूनही साहेबांनी फोनवर "नेमके काय झाले आहे?" असे विचारले तर? घाबरून ताप सांगू नये आणि तोऱ्यातही बोलू नये. शांतपणे म्हणावे, "साहेब, खाजगी वैद्यकीय बाब आहे. उपचार चालू आहेत, काळजीचे कारण नाही. गुरुवारी येते." काळजीचे कारण असेल तर तेवढे शब्द वगळावेत. पुन्हा विचारले तर पुन्हा हेच वाक्य. आजार सांगणे भागच पडले तर साहेबांऐवजी कंपनीच्या डॉक्टरांशी बोलण्याची तयारी दाखवावी.

आता पैशाची बाजू पाहू. आजारी कामगाराला विम्याचा आधार हवा, हा विचार बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असतानाच 1944 सालच्या प्रा. अदारकरांच्या अहवालाने पुढे आला आणि 1948 साली ई.एस.आय.चा कायदा झाला. नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. या योजनेत आजारपणाचा भत्ता मजुरीच्या 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस, असा ठरवलेला होता. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागे. आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नसे. म्हणून आमच्या भगिनीने दोन दिवसांसाठी शिल्लक रजाच मागितली. हाच आजार पाच दिवस चालला तर या हिशेबाने तीन दिवसांचे, रोज 420 प्रमाणे, 1260 रुपये होतात. ते ई.एस.आय.च्या डॉक्टरांच्या दाखल्यावर मिळतात. तेथे आजार खराच नोंदवलेला लागतो आणि जुलाबाची गोष्ट येथेही आड येते.

कायदा पाठीशी किती आहे, हेही खरे सांगितले पाहिजे. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण तो हक्क प्रथम सरकारच्या विरुद्ध आहे, खाजगी मालकासमोर तो आपोआप ढाल होत नाही. एच.आय.व्ही.पुरता मात्र 2017 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात संमतीवाचून ही माहिती उघड करण्यास मनाई आहे. त्याच्याही वीस वर्षे आधी, 1997 साली, मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी मजुराचा खटला आला होता. काम करण्यास तो धडधाकट होता, तरी रक्ततपासणीत एच.आय.व्ही. निघाल्यामुळे एका सार्वजनिक कंपनीने त्याला काम नाकारले होते. न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला आणि कागदोपत्री त्याचे नाव 'एमएक्स' एवढेच ठेवले. खोटे नाव घेऊन तो न्यायालयात गेला नव्हता. त्याने फक्त नाव झाकण्याची परवानगी मागितली होती आणि न्यायालयाने ती दिली. बाकी आजारांबाबत मात्र आपल्या कंपनीचे स्थायी आदेश काय म्हणतात ते युनियनच्या प्रतिनिधीकडून वाचून घ्यावे. किती दिवसांच्या रजेला दाखला लागतो ते त्यातच सापडते.

शेवटी, आजार लपवणे जेथे चुकीचे ठरते त्या जागा. तळोज्यात रसायनांचे कारखाने आहेत, मासळीवर प्रक्रिया करणारे कारखानेही आहेत. खाद्यपदार्थांना हात लावणाऱ्याला जुलाब किंवा कावीळ झाली असेल तर ते सांगितलेच पाहिजे. चक्कर येत असेल, फिट येत असेल किंवा गुंगीचे औषध चालू असेल, आणि काम फोर्कलिफ्ट, क्रेन वा बॉयलरचे असेल, तर आजाराचे नाव नसले तरी 'डॉक्टरांनी काही दिवस यंत्रावर काम करू नये असे सांगितले आहे' हे लिहावेच. आणि आजार कारखान्यातूनच आला असेल, वायूने छाती भरली असेल, रसायनाने कातडी जळली असेल, तर तेथे गप्प राहणे स्वतःच्याच मुळावर येते. कामावर झालेली इजा म्हणून मिळणारी भरपाई वेगळी आणि अधिक असते, पण तिच्यासाठी घटनेची तारीख, वेळ आणि जागा शक्य तितक्या लवकर नोंदवलेली लागते. त्या वेळी 'प्रकृती ठीक नाही' असे मोघम लिहिलेला मेल पुढे आपल्याच विरुद्ध दाखवला जाईल. तेथे सगळे नाव-गावासकट लिहावे आणि मेलची एक प्रत युनियनच्या प्रतिनिधीलाही पाठवावी.