सोने आधी घसरते, 'एमएसीडी'चा इशारा मागून का येतो?

२३ जुलै २०२४ रोजी अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. अंधेरीत मुख्यालय असलेल्या एमसीएक्सवर सोन्याचे वायदे त्याच दिवशी पाच टक्क्यांहून अधिक, म्हणजे दहा ग्रॅममागे सुमारे चार हजार रुपयांनी कोसळले.

आलेखावरील 'एमएसीडी' रेषा म्हणजे भावाच्या १२ आणि २६ दिवसांच्या सरासरीतील फरक. ताज्या भावाला या सरासरीत जास्त वजन असते. त्या फरकाची ९ दिवसांची सरासरी म्हणजे सिग्नल रेषा. दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा चालीचा जोर बदलल्याचे कळते. पुढचा भाव कळत नाही.

उशीर का होतो, ते हिशेबातून दिसते. बाकी सारे स्थिर धरले, तर चार हजारांच्या घसरणीने १२ दिवसांची सरासरी सुमारे ६१५ रुपयांनी उतरते, २६ दिवसांची २९६ रुपयांनी. म्हणजे एमएसीडी उतरतो फक्त ३१९ रुपये. सिग्नल रेषाही त्याचा पाचवा हिस्सा, ६४ रुपये, खाली येते. दोघींतील अंतर २५५ रुपयांनीच बदलते. आदल्या दिवशी एमएसीडी ३०० रुपयांनी वर असेल, तर एवढ्या पडझडीनंतरही छेद होत नाही. झालाच, तरी तो बंद भावानंतरच पक्का होतो. तोवर नुकसान झालेले असते.